सर, काइंडली डू द नीडफुल

शाळेत आपल्या सगळ्यांना अर्ज लिहायला शिकवलंय. मराठीच्या पेपरात त्याला मार्कंही असायची. अर्जदार गरीब, होतकरू, आज्ञाधारक. साहेब थोर, दयाळू, कामात व्यग्र. आधी आपली करुण कहाणी, मग विनंती आणि शेवटी 'कृपा करावी'. पुढे अर्जाची जागा ईमेलनं घेतली, भाषा इंग्रजी झाली, आपण मात्र तिथंच राहिलो. 'कृपा करावी'चं 'काइंडली डू द नीडफुल' झालं, बस्स.

आता गंमत बघा. 'नीडफुल' म्हणजे नेमकं काय, हे त्या मेलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. वाचणाऱ्यानं ते ओळखायचं. आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेत तो वाचणारा असतो एक हेल्पडेस्कवाला. त्याच्या इनबॉक्समध्ये तशाच शेकडो मेल पडलेल्या असतात. तो काही ओळखत बसत नाही, सरळ छापील उत्तर चिकटवतो.

हे मला कळलं माझ्या मावसबहिणीमुळे. ती तळेगावची. तळेगाव म्हटलं की पुण्यातले लोक लगेच विचारतात, 'दाभाडे का?' नाही हो, हे तळेगाव श्यामजी पंत. जिल्हा वर्धा, तालुका आष्टी, नागपूर-अमरावती हायवेवरचं. याच हायवेवर 2021 मध्ये तिची स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लेट बसली, हाड जुळलं, पण नसेला झालेली इजा राहून गेली. चहाचा कप उचलता येतो, मोबाइल चालवता येतो, सही करता येते. सलग लिहिता मात्र येत नाही. अर्ध्या तासाच्या आतच बोटं ताठ होतात आणि पेन सुटतं.

आणि ही बाई देत होती अकाउंट्सची एक व्यावसायिक परीक्षा. नाव घेत नाही, पण संसदेच्या कायद्यानं स्थापन झालेली संस्था आहे. प्रत्येक पेपर तीन तासांचा आणि हातानं लिहायचा. माउसनं गोल काळे करण्यातला प्रकार नाही, पानंच्या पानं लेजर आणि बॅलन्सशीट. तयारी म्हणाल तर तोंडपाठ. हातच साथ देत नव्हता.

डिसेंबर 2022 मध्ये तिनं संस्थेला पहिली मेल टाकली. ती मला नंतर वाचायला मिळाली. अपघात कसा झाला, ट्रक कसा आला, नागपूरच्या दवाखान्यात किती दिवस काढले, बाबांनी कर्ज कसं काढलं, सगळं होतं. शेवटी मागणी होती ती अशी: 'माझी परीक्षा पुढे ढकलावी किंवा मला लिहायला कोणी द्यावे किंवा वेळ वाढवून द्यावा, काइंडली डू द नीडफुल.' सोबत चौदा पानांची स्कॅन केलेली फाइल. त्यात एक्स-रेचा फोटो, औषधांची बिलं आणि 18 टक्के अपंगत्वाचा दाखला.

उत्तर बारा दिवसांनी आलं, दोन ओळींचं. परीक्षा ठरलेल्या तारखांनाच होते, पुढे ढकलता येत नाही. लेखनिक हवा असल्यास 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडावे.

तिचा मला फोन आला, 'ताई, मी यंदा परीक्षाच देत नाही.'

संस्थेचं उत्तर उद्धट नव्हतं. तीन मागण्या 'किंवा'नं जोडलेल्या होत्या, त्यातली जिला नाही म्हणणं सगळ्यात सोपं, तिला आधी नाही म्हटलं गेलं. परीक्षा पुढे ढकलणं आणि परीक्षेत सोय मिळणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मागण्या बहुतेकदा वेगवेगळ्या टेबलांवर जातात, त्यांचे नियम वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. सगळ्या देशात एकाच दिवशी होणाऱ्या लेखी परीक्षेत एका उमेदवारासाठी तारीख बदलणं शक्यच नसतं. तिथं 'पुढे ढकला'चा अर्थ फार तर 'पुढच्या वेळी बसा' एवढाच. आणि पुढच्या वेळी हात काही आपोआप बरा होणार नव्हता. तिला तारीख नको होती, सोय हवी होती. तारखेचा विषय मेलमध्ये यायलाच नको होता.

कॉम्प्युटरवर स्लॉट बुक करून देतात त्या परीक्षांचं वेगळं. तुमच्यापैकी निम्मे लोक त्यातलं काही ना काही देत असणार, म्हणून जाता जाता सांगते. तिथं तारीख बदलायला मेल लागतच नाही, लॉगिन करून स्वतःच बदलायची. प्रश्न असतो कधी, हा. प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाल्यांची पीएमपी घ्या. परीक्षेला तीस दिवस उरले की त्यानंतर तारीख बदलायला 70 डॉलर, आणि शेवटच्या 48 तासांत बदलली तर सगळी फी पाण्यात. आजारपण, अपघात, घरात मृत्यू अशा कारणानं परीक्षाच चुकली तर 72 तासांच्या आत कागदपत्रांसह कळवायचं. ऑफिसात रिलीज होतं, बॉसनं सोडलं नाही, हे कारण त्यात बसत नाही, कितीही खरं असलं तरी. हे आकडे बदलत असतात, तेव्हा बुकिंगच्या आधी ती कंटाळवाणी हँडबुक एकदा वाचाच. आणि या स्लॉटवाल्या परीक्षांत बहुतेक ठिकाणी सोयीची मागणी बुकिंगच्या आधी करायची असते. आधी स्लॉट घेतला आणि मग सोय मागितली, तर ती त्या स्लॉटला आपोआप चिकटत नाही. मंजुरी आधी, तारीख नंतर. ॲमेझॉनच्या क्लाउड परीक्षांना तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी तीस मिनिटं जास्त मिळायची तरतूद आहे, ती घ्यायला डॉक्टरही लागत नाही. पण तीही बुकिंगच्या आधीच घ्यावी लागते. मराठी मीडियमवाल्या किती जणांना हे माहीत असतं?

असो. तळेगावला परत येऊ. खरी भिंत होती ती 40 टक्क्यांची.

हा 40 चा आकडा आला कुठून? 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातून. त्यात दोन व्याख्या आहेत. एक, दिव्यांग व्यक्ती. शारीरिक किंवा मानसिक दीर्घकालीन अडचण असलेली कोणीही, टक्क्यांची अट नाही. दुसरी, लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती, म्हणजे 40 टक्के आणि त्यावर. नोकरीतलं आरक्षण वगैरे या दुसऱ्या गटाला. पण परीक्षेतल्या सोयींचे 2018 चे नियमही याच दुसऱ्या गटापुरते लिहिले गेले. मग 18 टक्केवाल्यांनी काय करायचं? हातानं लिहिताच येत नसेल तर टक्के किती यानं फरक काय पडतो?

हाच प्रश्न एका यूपीएससीच्या उमेदवारानं सर्वोच्च न्यायालयात नेला. विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी. त्याला 'रायटर्स क्रॅम्प' होता, म्हणजे लिहायला घेतलं की हाताचे स्नायू आखडतात. एम्सनं त्याचं दिव्यांगत्व मोजलं ते अवघं 6 टक्के. आयोगानं लेखनिक नाकारला. 11 फेब्रुवारी 2021 ला न्यायालयानं निकाल दिला तो असा: आरक्षणासाठी 40 ची रेघ ठीक आहे, पण परीक्षेतली वाजवी सोय हा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे, तिला ही रेघ लावता येणार नाही. सरकारला नियम करायला सांगितले. ते आले 10 ऑगस्ट 2022 ला, खास 40 टक्क्यांच्या खालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी.

म्हणजे माझ्या बहिणीला डिसेंबरमध्ये ते उत्तर आलं, तेव्हा तिच्या बाजूचा नियम निघून चार महिने झाले होते. संस्थेलाही तो लागू होता. हेल्पडेस्कवाल्याच्या छापील उत्तरात मात्र अजून तो उतरलेला नव्हता, आणि तिलाही तो माहीत नव्हता. दोघांपैकी एकाला माहीत असतं तर काम भागलं असतं.

या नियमाची एक अट होती. साधा टक्क्यांचा दाखला चालत नाही. ठरलेल्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देतं सरकारी रुग्णालयाचं मेडिकल बोर्ड. अध्यक्ष जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचे अधिकारी, सोबत अस्थिरोगतज्ज्ञ आणि इतर. त्यात लिहावं लागतं की अमुक मर्यादेमुळे या व्यक्तीच्या लिहिण्यात अडथळा येतो आणि तिला परीक्षेत लेखनिकाची गरज आहे. आजाराच्या नावापेक्षा हे वाक्य मोलाचं. डिस्चार्ज कार्डवर हाड कुठं मोडलं, नस कुठली दुखावली हे सगळं होतं, पण त्यावरून कोणालाच कळत नव्हतं की ही मुलगी किती वेळ लिहू शकते.

बोर्डापुढे जायचं म्हणजे वर्धा. तळेगावहून आर्वी, आर्वीहून वर्धा, एसटीनं अर्धा दिवस गेलाच समजा. पण त्याआधी घरातलं बोर्ड पार करायचं होतं. मावशी ऐकायला तयार नव्हती. 'हात तं हलते ना चांगला, मंग कायले पाह्यजे ते सर्टिफिकेट? एकडाव कागदावर नाव चढलं का चढलं. उद्या लग्नाच्या टायमाले लोकं विचारतीन तं काय सांगू?' मी फोनवर कायदा सांगायला लागले, तर मावशी म्हणाली, 'तुयं बरं हाय बाई, तू पुण्यात राह्यतं.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. शेवटी काकांनी विषय संपवला. प्रमाणपत्र फक्त परीक्षेपुरतं असतं हे त्यांनी नमुन्यावर स्वतः वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघाले.

जाण्याआधी तिनं एक काम केलं, ते मला फार आवडलं. जुना पेपर घेतला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि लिहायला बसली. प्रत्येक पान संपलं की कोपऱ्यात वेळ टाकायची. पहिलं पान 9 मिनिटांत. दुसरं 11. तिसरं 17, अक्षर वाकडं. चौथं अर्ध्यावर सोडलेलं, शेवटच्या ओळी वाचताच येत नाहीत. तीन वेगवेगळ्या दिवशी तिनं हे केलं आणि तिन्ही वेळा साधारण पंचविसाव्या मिनिटाला गाडी घसरली. कारण बोर्डासमोर तुम्हाला चार ओळी लिहायला सांगतात, आणि चार ओळी तिला सुंदर येतात! तिथं कुणालाही वाटलं असतं, हिला काय झालंय? ती पानं बघून अस्थिरोगतज्ज्ञांनी तिच्याकडून आणखी वीस मिनिटं लिहून घेतलं आणि त्यांना जे पाहायचं ते दिसलं. खूप वेळ केल्यावरच दिसणारी अडचण असेल, मग ती लिहिण्याची असो की स्क्रीनकडे बघण्याची, तर अशी नोंद स्वतःजवळ हवीच.

18 जानेवारीला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर एक बारीक रकाना असतो, वैधता. या नमुन्यात ती जास्तीत जास्त सहा महिने. तिची परीक्षा मेमध्ये, प्रमाणपत्र 17 जुलैपर्यंत. जमलं. कोणी उत्साहानं ऑक्टोबरमध्येच काढून ठेवलं असतं तर मे येईपर्यंत ते बाद झालं असतं. मेल लिहिण्याआधी कॅलेंडर घेऊन हे एकदा जुळवायचं.

मग आम्ही दुसरी मेल लिहिली. ती फोन स्पीकरवर टाकून टाइप करत होती, मी इकडे पुण्यात. अर्थातच इंग्रजीत गेली, पण मराठीत साधारण अशी होती:

'विषय: मे 2023 परीक्षा, केंद्र अमरावती, नोंदणी क्रमांक (इथे क्रमांक), लेखनिक व भरपाईच्या वेळेची मागणी.

महोदय,

मी मे 2023 च्या परीक्षेची उमेदवार आहे. 2021 मधील अपघातामुळे माझ्या उजव्या मनगटाच्या हालचालीला कायमची मर्यादा आली आहे. सुमारे 25 मिनिटे सलग लिहिल्यावर पेनावरची पकड सुटते. त्यामुळे तीन तासांचा लेखी पेपर मी स्वतःच्या हाताने पूर्ण करू शकत नाही.

दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या 10 ऑगस्ट 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक पेपरसाठी माझी मागणी अशी आहे: लेखनिक, जो मी स्वतः आणेन, आणि तासाला 20 मिनिटे याप्रमाणे तीन तासांच्या पेपरला 60 मिनिटे भरपाईचा वेळ.

आपल्या उत्तरात 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र मागितले होते. वरील सूचना 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठीच आहेत. त्यातील नमुन्याप्रमाणे घेतलेले प्रमाणपत्र (17 जुलै 2023 पर्यंत वैध), लेखनिकाबाबतचे हमीपत्र आणि सूचनांची प्रत जोडली आहे.

निर्णय 20 फेब्रुवारीपर्यंत ईमेलने कळवावा आणि मंजुरी परीक्षा केंद्रालाही कळवावी, ही विनंती.'

बस, एवढंच. ट्रक नाही, कर्ज नाही, एक्स-रे नाही. एक्स-रे वगळला तो फक्त जागा वाचवायला नाही. तिच्या दवाखान्याची सगळी फाइल एका अनोळखी ऑफिसच्या इनबॉक्समध्ये पडून राहायची काहीच गरज नव्हती. निर्णयाला लागतो तेवढाच कागद द्यायचा.

'वेळ वाढवून द्यावा' असं न म्हणता '60 मिनिटे' म्हटलं, कारण नियमात तासाला कमीत कमी 20 मिनिटं आहेत आणि हिशेब आपणच मांडून दिला की समोरच्याला फक्त 'मंजूर' लिहावं लागतं. नियमातला शब्दही 'भरपाईचा वेळ' असाच आहे, 'जादा वेळ' नाही. हा शब्द मला पटतो. जादा म्हणजे इतरांपेक्षा जास्त काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. भरपाई म्हणजे बोलून लिहून घेण्यात जो वेळ जातो तो परत. सूचनांची प्रत जोडली, कारण हेल्पडेस्कवाल्यानं ती शोधावी अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याला ती वरच्या साहेबाकडे ढकलायला सोपी गेली पाहिजे. आणि तारीख दिली, कारण तारखेशिवायची मेल कुणाच्याच डोक्यावर बसत नाही.

आठवड्यात उत्तर आलं, मंजूर.

तुम्ही म्हणाल, झालं, संपला विषय. अजिबात नाही. आता लेखनिक शोधायचा होता. स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली हवं होतं, म्हणजे त्यानं उत्तर स्वतःच्या डोक्यानं लिहू नये. पदवीवाल्या उमेदवाराला बारावीवाला. कागदावर योग्यच आहे. पण गल्लीतला जो बारावी झालेला मुलगा तयार झाला तो सायन्सचा. त्याला डेबिट म्हणजे काय इथपासून सुरुवात. ती बोलायची 'टू बँक अकाउंट', तो आकड्यात '2 बँक' लिहायचा! दोन महिने रोज संध्याकाळी दोघं बसायची. लेजरला रकाने किती, कुठल्या आकड्याखाली दोन रेघा, खाडाखोड कशी करायची, स्वल्पविराम लाखाला कुठे. आणि तिलाही नव्यानं शिकावं लागलं. स्वतःच्या हातानं लिहिताना माणूस लिहिता लिहिता विचार करतो. बोलून लिहून घेताना वाक्य आधी डोक्यात पूर्ण व्हावं लागतं. एका प्रश्नाला पहिल्यांदा तिला ठरल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागला. तासामागे 20 मिनिटं म्हणजे मेहेरबानी वाटते ना? स्टॉपवॉच लावून बघा.

परीक्षेच्या दिवशी अमरावतीच्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणाल्या, 'आम्हाला असं काही कळवलेलं नाही.' तिनं पिशवीतून मंजुरीच्या मेलची छापील प्रत काढली. एक नव्हे, तीन. एक पर्यवेक्षकांना, एक केंद्रप्रमुखांना, एक स्वतःजवळ. फोनाफोनी झाली, वीस मिनिटं गेली, पण पेपर सुरू झाला तो वेगळ्या खोलीत आणि संपला पूर्ण चार तासांनी. मोबाइल बाहेर जमा होता, हे लक्षात घ्या. मेल फोनमध्ये असती तर नसल्यासारखीच.

त्या तीन प्रती मी तिला आग्रहानं काढायला लावल्या होत्या, त्याला कारण होतं. 2021 च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या, 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र हातात असलेल्या एका मुलीचा पेपर इतरांबरोबरच तीन तासांनी काढून घेतला गेला. एक तासाची भरपाई नियमात होती, केंद्रावरच्या लोकांना ती माहीत नव्हती. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, मग सर्वोच्च न्यायालयात. 23 नोव्हेंबर 2021 च्या निकालात न्यायालयानं मान्य केलं की तिच्यावर अन्याय झाला, तिची काही चूक नव्हती, आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला एका आठवड्यात उपाय शोधायला सांगितला. पण फेरपरीक्षा? ती नाकारली. एवढ्या मोठ्या परीक्षेत एकटीसाठी पुन्हा पेपर घेता येणार नाही म्हणून. देशातल्या सर्वोच्च न्यायालयात तुमची बाजू खरी ठरते आणि गेलेला तास तरीही परत येत नाही. भांडण जे काय असेल ते पेपर सुरू होण्याआधी, केंद्राच्या दारात, हातातल्या कागदावर जिंकावं लागतं.

नियम त्यानंतरही हलत राहिले आहेत. 3 फेब्रुवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं बँक भरतीच्या परीक्षेतल्या एका खटल्यात पुन्हा बजावलं की 40 टक्केवाल्यांना मिळणाऱ्या लेखनाच्या सोयी सगळ्याच दिव्यांग उमेदवारांना मिळाल्या पाहिजेत, आणि 2022 च्या सूचना त्याप्रमाणे तपासायला सांगितल्या. त्यामुळे आज कुणी मेल लिहायला बसत असेल तर माझ्या बहिणीच्या मेलमधली तारीख उचलून चिकटवू नका. दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या संकेतस्थळावरची सगळ्यात ताजी सूचना काढा, तिची तारीख टाका, तिच्यातलाच प्रमाणपत्राचा नमुना बोर्डाकडे न्या. लेखनिकाच्या शिक्षणाची अट, तो कुणी आणायचा, हेही तिथूनच बघा. सरकारी संस्था असेल आणि ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर कायद्याच्या कलम 23 प्रमाणे तिथं तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो. दुसरी मेल त्याच्या नावानं, पहिली खाली तशीच ठेवून. परदेशी सर्टिफिकेशनवाल्यांना मात्र आपल्या टक्क्यांशी आणि कलमांशी देणंघेणं नसतं. त्यांना डॉक्टरांचं लेटरहेडवरचं इंग्रजी पत्र लागतं. त्यातही नेमकं तेच हवं: काय करता येत नाही, किती वेळानं, आणि म्हणून काय सोय हवी.

बहिणीचे त्या मेमध्ये दोन पेपर निघाले, दोन राहिले. राहिलेले नोव्हेंबरला. मी अभिनंदनाला फोन केला तर ती आर्वीच्या स्टँडवर उभी, वर्ध्याच्या गाडीची वाट बघत. मागे कंडक्टरचं ओरडणं ऐकू येत होतं. 17 जुलै उलटून गेली होती ना, प्रमाणपत्र नवं काढायचं होतं. या वेळी सोबत मावशी होती, कारण काकांच्या सोयाबीनचं काम निघालं होतं. 'थ्या लेखनिकाले पण घेऊन आलो,' मावशी मागून म्हणाली, 'त्याले वर्ध्यात कॉलेजचा फॉर्म भराचा हाय. कॉमर्सचा.'